शुभंकराचे अश्रू

एका किटलीने रडावे की रडू नये, या प्रश्नावर मी गेल्या वर्षीचा सबंध श्रावण घालवला असे सांगितले, तर वाचक मला हसतील. हसावे. मलाही पहिले आठ दिवस हसूच येत होते. मी शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. माझ्या कादंबऱ्यांतून बरीच माणसे रडली आहेत आणि त्यांना रडवताना मला कधी परवानगीची गरज वाटली नाही. पण ही किटली माझ्या कादंबरीतली नव्हती. ती आमच्या गावातल्या एका चहाच्या व्यापाऱ्याची होती, आणि तिचे अश्रू दुसऱ्यांना वापरायला द्यायचे होते.

झाले ते असे. माझा भाचा पुण्यात चलच्चित्रांचे काम शिकून आला आहे. चहापुडीच्या एका शेठजींनी त्याच्याकडे आपल्या मालासाठी एक शुभंकर मागितला. ज्याला इंग्रजी शिकलेले लोक मॅस्कॉट म्हणतात त्याला आपल्याकडे खेळांच्या स्पर्धांतून शुभंकर म्हणू लागले आहेत. शब्द मोठा गोड आहे, आणि त्या शब्दानेच पुढे मला अडवले. शेठजींना हा शुभंकर पुडक्यावर तर हवा होताच, पण त्याहून अधिक तो लोकांच्या फोनमध्ये हवा होता. व्हॉट्सॲपवर आपण एकमेकांना जी हलती चित्रे पाठवतो, ज्यांना स्टिकर म्हणतात, तशी सोळा चित्रे करायची. कुणी आनंदाची बातमी दिली की त्यावर किटली उडी मारते, कुणी उशिरा आले की किटली डोळे वटारते, असा तो प्रकार. भाचा म्हणाला, "मामा, चित्रं मी काढीन, पण माणसं एकमेकांना नेमकं काय म्हणतात ते तू सांग. तुझा तोच धंदा आहे."

मी होकार दिला, कारण काम सोपे वाटले.

पूर्वीचे शुभंकर कसे होते ते आठवून पाहा. एअर इंडियाचा महाराजा 1946 साली जन्मला, कमरेत वाकून स्वागत करणारा. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला, हातात रंगाचा डबा आणि कुंचला घेतलेला व्रात्य पोरगा. अमूलची ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी साठीच्या दशकात आली आणि अजून आहे. ही मंडळी फलकावर उभी राहत, आपण रस्त्याने जाताना त्यांच्याकडे पाहत असू, आणि ती जे बोलत ते त्यांच्या मालकाच्या वतीने बोलत. आपल्या तोंडात येऊन ती बोलत नसत. ते 2011 साली जपानात लाइन नावाच्या संदेशसेवेने घडवले. तिथे अस्वल, ससा अशी पात्रे आली आणि लोक शब्दांच्या जागी त्यांना पाठवू लागले. फलकावरचे पात्र आता पाठवणाऱ्याचा चेहरा झाले. हा फरक मला त्या वेळी कळला नव्हता. तो कळायला किटलीला रडावे लागले.

किटली का, तर शेठजींच्या आजोबांची बाजारपेठेत चहाची गाडी होती आणि त्यांची जर्मनची किटली अजून दुकानात देवाशेजारी ठेवलेली आहे. भाच्याला ती पाहताक्षणी पसंत पडली. त्याने प्रथम काय केले, तर किटलीची बाह्याकृती काढून आत सगळा काळा रंग भरला आणि ती नखाएवढी लहान करून मला दाखवली. "काय आहे?" मी म्हणालो, "किटली." "आणि आता?" त्याने झाकण थोडे उचललेले दाखवले. "दचकलेली किटली." तो खूष झाला. पुढे त्याने सांगितले की स्टिकर फोनवर जेमतेम इंचभर दिसतो. काळ्या ठिपक्यातून जो भाव कळत नाही तो डोळे-भुवया काढूनही कळत नाही. तोटी म्हणजे नाक, झाकण म्हणजे टोपी, वाफ म्हणजे राग. दोन बारीक हात दिले, पाय दिले नाहीत. शेठजींना मिशा हव्या होत्या, कारण आजोबांना होत्या. पण नखाएवढ्या आकारात मिशा म्हणजे तोटीखालची काजळी वाटू लागली, तेव्हा त्यांनीच त्या काढायला सांगितल्या. सभोवती पांढरी जाड रेघ मात्र ठेवली. कुणाच्या फोनची पार्श्वभूमी काळी असते, कुणाची हिरवट, आणि त्या रेघेवाचून करड्या किटलीची कड हरवते.

माझे काम यादीचे. मी आमच्या नातेवाइकांच्या गटात आणि शाळेच्या गटात लोक काय काय लिहितात ते महिनाभर पाहिले. मला वाटले होते आनंद, दुःख, क्रोध असे नऊ रस सापडतील. सापडले ते वेगळेच. 'पोहोचलास का?', 'जेवलात का?', 'निघालो' (हे लिहिणारा बहुतेक वेळा अजून घरीच असतो), 'बघू' (म्हणजे नाही), 'वा!', 'अरेरे', 'कळवतो'. मी ही यादी केली आणि भाच्याने तिच्यावरून किटली हलवायला घेतली.

येथे थोडे तांत्रिक सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. प्रत्येक चित्र 512 बाय 512 बिंदूंच्या चौकोनात बसले पाहिजे, सबंध हालचाल 500 किलोबाइटांच्या आत राहिली पाहिजे आणि दहा सेकंदांहून लांब असता कामा नये, असा व्हॉट्सॲपचा नियम आहे. भाचा सेकंदाला बारा चित्रे काढतो. दोन सेकंदांच्या नमस्काराला चोवीस. आणि ती चोवीस संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू, पुन्हा, पुन्हा. रहाटासारखे. त्यामुळे शेवट जिथे होतो तिथूनच आरंभ व्हावा लागतो. त्याचा पहिला नमस्कार दर फेरीला एक बारीकसा गचका खाई. का, ते मला कळेना. मग त्याने दाखवले की शेवटचे चित्र आणि पहिले चित्र हुबेहूब एकच होते, म्हणून तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसून क्षणभर हालचाल थांबल्यासारखी वाटे. शेवटचे चित्र पहिल्यासारखे नको, पहिल्याच्या एक पाऊल अलीकडचे हवे. चोविसावे चित्र काढून टाकताच नमस्कार तुपासारखा वाहू लागला.

त्या नमस्काराची गंमत अजून संपलेली नाही. किटली कमरेत वाकली की पाहणाऱ्याला ती वाकली असे वाटतच नाही. ती चहा ओतते आहे असे वाटते! माझ्या पत्नीने पाहिले आणि विचारले, "कप कुठाय?" वस्तूला माणूस करताना तिची मूळची सवय आड येते, ती अशी. भाच्याने दोन दिवस डोके खाजवले आणि मग किटलीला जागेवरच किंचित बसकी केली, हात जोडले आणि झाकण तेवढे पुढे झुकवले, जुने लोक पागोटे सावरीत मान लववीत तसे. त्याआधी झाकण दोन चित्रांपुरते किंचित मागे जाते. पुढे झुकण्याआधीचे ते मागे जाणे काढून टाकले तर नमस्कार यंत्राने केल्यासारखा दिसतो. झुकल्यावर आठ चित्रे ती तशीच थांबते. त्या आठ चित्रांत आदर आहे, बाकीची सोळा नुसती ये-जा.

वाफेने मात्र छळले. भाच्याने ती खरीखुरी धुकट, अर्धपारदर्शक काढली आणि 'राग' नावाचे चित्र मर्यादेच्या कितीतरी पलीकडे फुगले. सपाट पांढऱ्या रंगाच्या तीन गोळ्यांची वाफ केली तेव्हा ते आत बसले. आणखी एकदा असे झाले की किटली उडी मारून खाली आली तरी तिची एक फिकट प्रत वर हवेत लटकत राहिली. पुढचे चित्र येण्याआधी मागचे पुसून टाका, ही सूचना द्यायची राहिली होती. आमच्या घरातल्या लहानग्याने त्याला 'किटलीचं भूत' असे नाव दिले आणि ते काढून टाकल्यावर तो रुसला.

अशी पंधरा झाली. सोळावे शेठजींनी सांगितले.

ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या यादीत एक राहिलंय. माणसं रोज काय पाठवतात? श्रद्धांजली. रोज कुणी ना कुणी जातंय आणि गटात पन्नास जण हात जोडतायत. आपली किटली रडताना हवी. आणि पोटावर दुकानाचं नाव, बाकीच्यांवर आहे तसं बारीक."

माझ्या मनात पहिला विचार आला तो 'शुभंकर' या शब्दाचा. जो शुभ करतो त्याने अशुभाच्या घरी जावे काय? मी तसे म्हणालोही. शेठजी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, लोकांना काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून ते हात जोडतात. त्यांना काही बरं देता येत असलं तर का देऊ नये?" त्या माणसाचा हेतू नुसता धंद्याचा नव्हता, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो केवळ धंद्याचा असता तर माझे काम सोपे झाले असते.

घरी येऊन मी विचार करू लागलो. तयार दुःख पाठवणे हे पाप आहे, असे माझे मत होऊ लागले होते. पण लगेच आठवले की आपण कागदाच्या काळातही तयारच पाठवीत होतो. 'कृ. सा. न. वि. वि.' हा काय त्या त्या वेळी हृदयातून आलेला उमाळा होता? दहाव्या-तेराव्याची पत्रे छापखान्यात एका साच्यात छापली जात, नाव तेवढे बदलत असे. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' हे वाक्य मी स्वतः किती जणांना लिहिले असेल! आणि खोटे कशाला बोलू, गेल्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याच्या वडिलांची बातमी गटात आली तेव्हा मी हात जोडण्याचे चित्र पाठवले, ते नाश्त्याची बशी दुसऱ्या हातात धरून. तेव्हा तयार असणे हा काही गुन्हा नव्हे. उसन्या शब्दांनीही खरे बोलता येते, आणि स्वतःच्या शब्दांनी खोटे बोलणारे तर आपण रोज पाहतो.

मग मला खुपत काय होते?

भाच्याने तोवर रडती किटली करून आणली. मुळात शेठजींची कल्पना अश्रू तोटीतून यावेत अशी होती, चहाच्या रंगाचे. भाच्याने ते धुडकावले आणि अश्रू डोळ्यांतून काढले. एक थेंब फुगतो, ओघळतो, पडतो. झाकण थरथरते. दोन सेकंद. पुन्हा थेंब फुगतो. काम अतिशय सफाईचे होते. आम्ही ते आमच्या नेहमीच्या पद्धतीने तपासले, म्हणजे शब्द न सांगता घरातल्यांना दाखवले आणि विचारले की ही काय म्हणते? लहानगा टाळ्या पिटून ओरडला, "किटली फुटली!" माझी आई चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, किती वेळा तेच तेच रडतीय ही. थांबत का नाही?"

आईच्या बोलण्यात मला माझे खुपणे अर्धे सापडले. हसणे, टाळी, जांभई, मान डोलावणे या मुळातच पुन्हा पुन्हा होणाऱ्या क्रिया आहेत. त्यांना रहाटाला बांधले तरी त्यांचे काही बिघडत नाही. पण शोकाला फेऱ्या नसतात. तो येतो आणि राहतो. त्याला दोन सेकंदांच्या फेरीत बसवले की दर दोन सेकंदांनी किटलीचा चेहरा कोरडा होतो आणि ती नव्याने रडायला घेते. रडण्याहून ते कोरडे होणे वाईट दिसते. भाच्याने फेरी सहा सेकंदांची करून पाहिली, दोन थेंबांमध्ये विसावा ठेवला. थोडे बरे झाले. पण सहा सेकंदांनंतर कोरडी होतेच. शेवटी तो म्हणाला, "मग हलतंच नको. एकच स्थिर चित्र देतो." तेही जमेना. हलत्या चित्रांच्या संचात स्थिर चित्र मिसळता येत नाही, संच एक तर सगळा हलता नाही तर सगळा स्थिर, असा नियम. शोकाने हललेच पाहिजे, असे यंत्राने ठरवून टाकले होते!

खुपण्याचा उरलेला अर्धा भाग त्याहून अवघड. 2023 च्या जूनमध्ये अमूलच्या जाहिरातींमागचे सिल्व्हेस्टर दाकुन्हा वारले तेव्हा त्या ठिपक्यांच्या झग्यातल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी दाखवले होते. मी ते चित्र पाहिले होते आणि मला ते मुळीच खोटे वाटले नव्हते. लोणी विकणाऱ्या मुलीचे रडणे मला चालले, मग चहा विकणाऱ्या किटलीचे का चालू नये? मी त्यावर दोन रात्री घालवल्या तेव्हा उलगडा झाला. ती मुलगी स्वतःच्या नावाने रडत होती. तिला जन्म देणारा गेला होता, तिला रडण्याचा हक्क होता. आमची किटली मात्र स्वतःसाठी रडत नाही. ती मी असते. ज्याच्या घरी माणूस गेले आहे त्याला ती सांगते की गुरुजी रडत आहेत, आणि गुरुजींच्या हातात पोह्यांची बशी आहे. जोडलेले हात असे काही सांगत नाहीत. त्यांत आदर असतो, रडलो असा दावा नसतो. आणि त्या दाव्याच्या पोटावर दुकानाचे नाव.

जपानातल्या कुमामोतो प्रांताचे एक काळे, लाल गालांचे अस्वल आहे, कुमामोन नावाचे. 2010 साली ते प्रांताच्या प्रसिद्धीसाठी निर्माण केले गेले आणि जगभर लोकप्रिय झाले. 2016 च्या एप्रिलमध्ये तिथे मोठे भूकंप झाले, माणसे मेली, घरे पडली. तेव्हा रोज गमतीजमती सांगणारे हे अस्वल काही आठवडे गप्प राहिले. त्याने अश्रू ढाळले नाहीत, सांत्वनही केले नाही. मी ही हकिकत शेठजींना सांगितली आणि म्हणालो, शुभंकराला गप्प राहणेही करता येते. आपणही पंधरांवर थांबू. शेठजी हसले. "गुरुजी, ते सरकारी अस्वल. त्याला गप्प राहणं परवडतं. आणि तिथं लोकांना बोलायला दुसरं कुणी होतं. आपल्या गटात मात्र रडकी किटली नसली तर लोक हसरी पाठवतील, नमस्काराची पाठवतील. पाठवल्याशिवाय राहणार नाहीत." हे खरे होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर आईने दिले, तेही दुसऱ्याच कुणाशी बोलताना. शेजारच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ वारले होते आणि आई स्वयंपाकघरातून सुनेला सांगत होती, "आधी चहाची किटली पाठव. त्यांच्यात आज चूल नाही पेटायची. पिठलं-भाकरी मागनं जाईल."

मी उठून भाच्याला फोन केला.

ज्या घरी माणूस जाते त्या घरी पहिली जाते ती किटली! शेजाऱ्यांची, झाकणावर फडके बांधलेली, बरोबर न जुळणारे चार कप. ती काही बोलत नाही, रडत तर नाहीच. कोपऱ्यात ठेवलेली असते आणि कुणीतरी रडता रडता अर्धा कप घेते. आमच्या किटलीला अशुभाच्या घरी जायला लाज वाटण्याचे कारणच नव्हते. तिला तिथली वाट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. आम्हीच तिला तिथे नेऊन भलते काम सांगत होतो.

भाच्याने सोळावे चित्र नव्याने केले. किटली चौकटीत येताना दाखवली तर दर फेरीला ती पुन्हा पुन्हा येत राहील, म्हणून ती आधीपासूनच बसलेली आहे. शेजारी दोन कप, एक कान तुटका. डोळे खाली. झाकणावर फडक्याची गाठ. तीन सेकंद, छत्तीस चित्रे, आणि त्यांत हलते काय, तर कपावरची एक बारीक वाफ, आणि एकदाच, सावकाश, डोळ्यांची उघडझाप. पापणी मिटायला दोन चित्रे, उघडायला चार. वाफ वर विरते तोच खालून दुसरी निघते, त्यामुळे फेरी कुठे संपली ते शोधूनही सापडत नाही. पहिल्याच चित्रात सगळे आहे, म्हणजे एखाद्या जुन्या फोनवर हालचाल चाललीच नाही तरी काही बिघडत नाही. शब्द मी एकही लिहिला नाही. या कामाचे मला जे मानधन मिळाले त्यात या एका न लिहिण्याचेही पैसे आहेत.

आईला दाखवले. ती म्हणाली, "कुणाकडं गेलीय?" म्हणजे कळले.

राहिले पोटावरचे नाव. शेठजींनी चित्र पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "गुरुजी, हे तर सगळ्यांत झकास! दुःखाच्या घरी पहिला चहा आपला!" माझ्या पोटात खड्डा पडला. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. ज्या कारणाने ते चित्र मला खरे वाटत होते त्याच कारणाने ते उत्तम जाहिरात होते. रडकी किटली खोटी होती आणि म्हणून तिच्यावर नाव शोभत नव्हते, असे मी इतके दिवस म्हणत आलो. आता खरी किटली समोर होती आणि तिच्यावर नाव नको म्हणायला माझ्याजवळ कारण उरले नव्हते, इच्छा तेवढी होती. गावात माणूस गेला की चौकात लागणारे फलक आपण पाहतो. वर गेलेल्याचे चित्र, आणि खाली त्याहून ठळक अक्षरांत शोकाकुलांची नावे. मी त्या फलकाची आठवण दिली. शेठजी गंभीर झाले. म्हणाले, "माझ्या बापाच्या वेळी असाच एक लागला होता. मी रात्री जाऊन काढून टाकला." थोड्या वेळाने म्हणाले, "ठीक. या एकावर नाव नको. पण किटली माझीच ना?"

"तुमचीच," मी म्हणालो. हा तोडगा कितपत खरा आहे मला ठाऊक नाही. नाव पुसले तरी किटली ओळखू येते, म्हणून तर ती शुभंकर. न बसताही शेजारी बसल्याचे सांगणे हा रडण्याच्या दाव्याहून लहान का होईना, पण दावाच आहे, हेही मला दिसते. मी त्या दिवशी घरी आलो तो जिंकल्यासारखा नव्हे.

दसऱ्याला संच लोकांच्या हाती गेला. 'बघू' सर्वांत अधिक चालतो, हे माझ्या ओळखीच्या गटांवरून सांगतो. लोकांना 'नाही' म्हणण्याचे एक गोड साधन मिळाले, आणि त्याबद्दल मला आजवर कुणी जाब विचारलेला नाही.

मग या आषाढात आमच्या शाळेचे एक जुने शिपाई वारले. तीस वर्षे घंटा देणारा माणूस. बातमी गटात सकाळी आली आणि पाठोपाठ बसलेल्या किटल्या येऊ लागल्या. एक, दोन, चार. मी प्रत्येकीची वाफ पाहत होतो. इतक्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून, आता चांगला मिळवता आहे, भलतीच किटली आली. झाकण उडवून, दोन्ही हात वर करून नाचणारी, 'वा!' ओरडणारी. स्टिकरला बोट लागले की तो विचारीत नाही, निघूनच जातो. आणि संचात 'वा!' नेमकी बसलेल्या किटलीच्या शेजारी होती. त्याने मिनिटाभरात ती पुसली, पण व्हायचे ते झाले होते. वीसेक माणसांनी पाहिले होते, आणि शिपाईमामांच्या मुलानेही.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तो मुलगा ओसरीवर दिसला. तालुक्याहून मोटारसायकल हाणीत आला होता, कपाळावर घाम. मला म्हणाला, "गुरुजी, तसं पाठवून घरी बसणं शक्यच नव्हतं." शिपाईमामांच्या मुलाने त्याला हाताला धरून आत नेले. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता, पाणी भरीत.

मी भाच्याला रात्री कळवले. त्याने दुसऱ्या दिवशी क्रम बदलला. बसलेली किटली आता संचात सर्वांत शेवटी आहे, आणि तिच्या शेजारची 'वा!' वरच्या ओळीत गेली. तिच्या जागी आता 'निघालो' आहे.